प्रवाह रोहित्राची गुणोत्तर व बर्डन चाचणी

'''प्रवाह रोहित्राची गुणोत्तर व बर्डन चाचणी''' ही वीजमापनासाठी बसवलेले प्रवाह रोहित्र (व्यवहारात 'सीटी') मुख्य तारेतील प्रवाहाची खरी प्रतिमा मीटरपर्यंत पोहोचवते की नाही, हे तपासण्याची पद्धत आहे. सीटीच्या दुय्यम वेटोळ्याला जोडलेल्या तारा, जोड आणि मीटर मिळून जो विरोध होतो, त्यावर सीटीला खर्चावी लागणारी शक्ती म्हणजे बर्डन. ते व्होल्ट-अँपिअरमध्ये (व्हीए) सांगतात. मराठीत 'भार' हा शब्द ग्राहकाच्या वीजवापरासाठी रूढ असल्यामुळे घोटाळा टाळण्यासाठी या लेखात 'बर्डन' हाच शब्द ठेवला आहे.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, कापसाच्या पट्ट्यात आहे. या भागात वीजपुरवठा महावितरणचा आहे. जिनिंग-प्रेसिंगसारख्या हंगामी उद्योगांचा प्रवाह मीटरमधून थेट नेता येण्याजोगा नसतो. अशा जोडणीत मीटर सीटीमार्फत चालतो आणि सीटीची चूक थेट बिलात उतरते. खालील आकडेमोड अशाच एका कल्पित जिनिंग जोडणीची आहे.

== गुणोत्तर ==

२००/५ या सीटीच्या मुख्य तारेतून २०० अँपिअर गेले की दुय्यम बाजूला ५ अँपिअर मिळावेत. ५ अँपिअरच्या मीटरने नोंदवलेले युनिट येथे ४० ने गुणले जातात. सीटीवरचे गुणोत्तर आणि बिलातला गुणक जुळत नसतील, तर चूक टक्क्यांची न राहता पटींची होते. हरियाणातील प्रेम कॉटेक्स या कंपनीच्या प्रकरणात गुणक १० ऐवजी ५ धरला गेल्याने निम्मेच बिल आकारले जात होते. फरकाची सव्वा कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

जागेवर गुणोत्तर पाहण्याची सोपी रीत अशी : भार स्थिर असताना एक टाँग टेस्टर मुख्य तारेवर आणि दुसरा दुय्यम तारेवर लावून दोन्ही वाचने एकाच वेळी घ्यावीत. मात्र टाँग टेस्टरचीच चूक एक-दोन टक्के असू शकते. या रीतीने २००/५ च्या जागी १००/५ सीटी बसली असल्यास ती लगेच सापडते. अर्धा-एक टक्का चूक सापडत नाही. बर्डनची चाचणी वेगळी करावी लागते ती यासाठीच.

== जास्त बर्डनमुळे प्रवाह कमी का दिसतो ==

दुय्यम प्रवाह तारांमधून ढकलण्यासाठी सीटीला व्होल्टेज निर्माण करावे लागते. ते निर्माण होण्यासाठी लोखंडी गाभा चुंबकित व्हावा लागतो आणि त्याला लागणारा चुंबकन प्रवाह मुख्य प्रवाहातूनच वजा होतो. बर्डन वाढले की व्होल्टेज वाढते, गाभा अधिक चुंबकित होतो आणि वजावट मोठी होते. मीटरला उरलेला प्रवाह मिळतो, म्हणून गुणोत्तराची चूक बहुधा ऋण दिशेने जाते.

दुसरा परिणाम कोनाचा असतो. दुय्यम प्रवाह मूळ प्रवाहाच्या किंचित पुढे सरकतो. मोटरांमुळे पॉवर फॅक्टर मागे पडलेला (लॅगिंग) असेल, तर या कोनामुळे मीटर थोडे जास्त युनिट दाखवतो आणि पहिली चूक काही अंशी झाकली जाते. उदाहरणार्थ ०.८ पॉवर फॅक्टरला ३० मिनिटांचा (अर्ध्या अंशाचा) कोन सुमारे ०.६५ टक्के वाढ दाखवतो. पण मोटरी बंद झाल्यावरही कपॅसिटर चालू राहून पॉवर फॅक्टर पुढे गेला (लीडिंग), तर दोन्ही चुका एकाच दिशेला जाऊन नोंद अधिकच घटते. एकाच सीटीची चूक दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगळी मिळते, त्याचे हे एक कारण आहे.

भारतीय मानकानुसार ०.५ वर्गाच्या मापन-सीटीची चूक पूर्ण प्रवाहाला ±०.५ टक्के, २० टक्के प्रवाहाला ±०.७५ टक्के आणि ५ टक्के प्रवाहाला ±१.५ टक्के चालते. ही हमी बर्डन ठरलेल्या मूल्याच्या २५ ते १०० टक्क्यांदरम्यान असतानाच लागू होते. त्यापलीकडे पाटीवरच्या वर्गाला अर्थ राहत नाही.

== एक उदाहरण ==

वडनेरच्या आपल्या कल्पित जोडणीत २००/५, ०.५ वर्ग, ५ व्हीएची सीटी आहे आणि मीटरपेटी सीटीपासून १५ मीटर दूर, भिंतीपलीकडे आहे. प्रत्येक फेजला २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या जाण्यायेण्याच्या दोन तारा आहेत. ३० मीटर तारेचा रोध सुमारे ०.२२ ओहम होतो. मीटर आणि जोड यांचे ०.०४ ओहम धरले, तर एकूण ०.२६ ओहम.

चाचणीच्या वेळी दुय्यम प्रवाह ३ अँपिअर आहे. सीटीच्या एस-१ व एस-२ टोकांवर दोन फेजमध्ये ०.७८ व्होल्ट मिळतात, तिसऱ्यात मात्र २.९ व्होल्ट. नवशिका तपासनीस येथे एक चूक करतो : ०.७८ ला ३ ने गुणून २.३ व्हीए काढतो आणि ते ५ पेक्षा कमी म्हणून समाधान मानतो. पाटीवरचे बर्डन पूर्ण ५ अँपिअरचे असते. म्हणून आधी व्होल्टेजला प्रवाहाने भागून ओहम काढावेत, मग २५ ने (५ च्या वर्गाने) गुणावे. तसे केल्यावर 'चांगल्या' दोन फेजचे बर्डन ६.५ व्हीए निघते, म्हणजे तेही मर्यादेबाहेरच आहे. तिसऱ्या फेजचा विरोध ०.९६ ओहम आणि बर्डन २४ व्हीए होते.

तिसऱ्या फेजमधला जादा ०.७ ओहम कुठे आहे, हे व्होल्टमीटर पुढे पुढे नेत शोधता येते. मीटरच्या टोकांवर व्होल्टेज इतर फेजइतकेच, पण टेस्ट टर्मिनल ब्लॉकच्या एका स्क्रूच्या अलीकडे-पलीकडे २ व्होल्टचा फरक असेल, तर दोष त्या जोडात आहे. पूर्ण प्रवाहाला अशा जोडात सुमारे १७ वॉट उष्णता निघते. काळवंडलेला स्क्रू आणि कडक झालेले इन्सुलेशन हे आकडेमोडीआधीच दिसणारे लक्षण होय.

समजा, पूर्ण भाराला या फेजचा दुय्यम प्रवाह ५ ऐवजी ४.८६ अँपिअर येतो. ही २.८ टक्के घट आहे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल, तर केवळ या जोडामुळे एकूण नोंद सुमारे ०.९ टक्का कमी होते. मोटर सुरू होतानाच्या मोठ्या प्रवाहाला घट यापेक्षा बरीच वाढते, कारण गाभा संपृक्त होऊ लागतो आणि लहरीची शिखरे कापली जातात.

जोड नवा करून ४ चौरस मिलिमीटरची तार टाकल्यास तारेचा रोध ०.१४ ओहमवर येतो आणि बर्डन ४.५ व्हीएच्या आसपास, मर्यादेत बसते. मीटरच सीटीजवळ आणणे बहुधा याहून स्वस्त पडते. १ अँपिअर दुय्यम प्रवाहाची सीटी घेतल्यास त्याच तारेतील व्हीए २५ पटींनी घटतात. मात्र त्यासाठी मीटरही १ अँपिअरचा लागतो आणि गुणकही बदलावा लागतो.

== चाचणीतील धोका ==

मुख्य तारेत प्रवाह असताना सीटीचे दुय्यम वेटोळे कधीही उघडे करू नये. तेव्हा संपूर्ण मुख्य प्रवाह चुंबकनात जातो आणि टोकांवर जीवघेणे व्होल्टेज उभे राहू शकते. तार सोडवण्यापूर्वी टेस्ट टर्मिनल ब्लॉकच्या पट्ट्या सरकवून दुय्यम बाजू जोडून घ्यावी लागते. चुकून उघडी राहिलेली सीटी जळाली नाही, तरी तिच्या गाभ्यात चुंबकत्व उरते आणि पुढची वाचने बिघडतात. अशा सीटीचे चुंबकत्व घालवूनच ती पुन्हा तपासतात.