किमान सार्वजनिक भागधारणा व लॉक-इन (युनायटेड किंग्डम)

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपनीच्या भांडवलाचा ठरावीक हिस्सा प्रवर्तकांबाहेरच्या लोकांकडे असावा, ही अट. आणि जुन्या भागधारकांनी नोंदणीनंतर काही काळ शेअर न विकण्याचे बंधन. ब्रिटनमध्ये पहिली गोष्ट नियमाने, तर दुसरी बहुतांशी कराराने ठरते. भारतात दोन्ही नियमांतच आहेत.

सार्वजनिक हिश्श्याची ब्रिटिश मर्यादा पूर्वी २५ टक्के होती. लॉर्ड हिल यांच्या अहवालानंतर फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने (एफसीए) डिसेंबर २०२१ मध्ये ती १० टक्क्यांवर आणली. जुलै २०२४ च्या नव्या नियमावलीत ती कायम राहिली. ही अट नोंदणीच्या दिवसापुरती नसून पुढेही पाळावी लागते.

खरा प्रश्न कोणते शेअर ‘लोकांच्या हातातले’ धरायचे, हा आहे. संचालक व त्यांचे निकटवर्ती, कर्मचारी योजनांचे विश्वस्त, संचालक नेमण्याचा हक्क असलेले भागधारक, तसेच एकट्याने किंवा संगनमताने ५ टक्के वा अधिक शेअर बाळगणारे, या सगळ्यांचे शेअर वगळतात. १८० दिवसांहून अधिक काळ लॉक-इनमध्ये असलेले शेअरही मोजत नाहीत.

समजा, प्रवर्तक कुटुंबाकडे ७० टक्के, एका गुंतवणूकदार संस्थेकडे ९, कर्मचारी विश्वस्त निधीकडे ३ आणि वर्षभराच्या लॉक-इनमधील जुन्या गुंतवणूकदाराकडे ४ टक्के शेअर आहेत. उरले १४ टक्के, कंपनी पात्र. पुढे कुटुंबाने बाजारातून आणखी ५ टक्के घेतले, तर ९ टक्केच उरतात आणि अट मोडते. मात्र तोवर जुन्या गुंतवणूकदाराचे लॉक-इन संपले असेल, तर त्याचे ४ टक्के मोजणीत येऊन हिस्सा १३ टक्के होतो. तोच करार १८० दिवसांचा असता, तर हे शेअर पहिल्या दिवसापासून मोजले गेले असते. अट मोडल्यास कंपनीला एफसीएला तसे कळवावे लागते. नोंदणी स्थगित किंवा रद्दही होऊ शकते.

मुख्य बाजारात लॉक-इनचा सर्वसाधारण कायदेशीर नियम नाही. हमीदार बँकांशी केलेल्या करारात मोठ्या भागधारकांना साधारण १८०, तर संचालकांना ३६५ दिवस बांधले जाते. बँक लेखी संमतीने हे बंधन मुदतीआधीही उठवू शकते. म्हणून माहितीपत्रकातले हमीकराराचे प्रकरण वाचावे. मुदत संपण्याच्या सुमारास मोठी विक्री येऊ शकते, तिची तारीख तिथूनच काढता येते.

छोट्या कंपन्यांच्या ‘एआयएम’ बाजारात सातवा नियम वेगळा आहे: दोन वर्षे स्वतंत्रपणे महसूल न कमावलेल्या व्यवसायात संबंधित पक्ष आणि ठरावीक कर्मचारी यांना वर्षभर शेअर न विकण्याचे मान्य करावे लागते. न्यायालयाचा आदेश, मृत्यू व कंपनी-अधिग्रहण हे अपवाद.

भारताशी संबंधित उदाहरण: वेदांता रिसोर्सेस, लंडनमध्ये नोंदणी २००३. अनिल अग्रवाल यांच्या व्होल्कन कंपनीकडे सुमारे दोन तृतीयांश शेअर होते. २०१८ मध्ये तिने उरलेले घेऊन नोंदणी संपवली.