डॉलर खरेदीनंतर बाजारात आलेले रुपये रिझर्व्ह बँक परत कसे घेते?

परदेशी भांडवलाचा ओघ वाढला आणि रुपया वेगाने वधारू लागला की रिझर्व्ह बँक बाजारातून डॉलर विकत घेते. ही बातमी वाचकांच्या परिचयाची आहे. त्यानंतर काय घडते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. डॉलरचे मोल रिझर्व्ह बँक रुपयांत चुकते करते आणि हे रुपये आधी अस्तित्वात नसतात. ते त्या क्षणी निर्माण होतात. एका हाताने निर्माण केलेले हे रुपये दुसऱ्या हाताने बाजारातून काढून घेण्याच्या क्रियेला बँकिंग वर्तुळात ‘स्टरिलायझेशन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘निष्प्रभावीकरण’ हा शब्द चालेल, कारण डॉलर खरेदीचा देशातील पैशाच्या पुरवठ्यावर होणारा प्रभाव पुसून टाकणे हाच तिचा हेतू असतो.

ही क्रिया एका कल्पित व्यवहारातून पाहता येईल. एका व्यापारी बँकेने १०० कोटी डॉलर ४० रुपये दराने रिझर्व्ह बँकेला विकले. रिझर्व्ह बँक त्या बँकेच्या आपल्याकडील खात्यात ४,००० कोटी रुपये जमा करते. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात एका बाजूला परकीय मालमत्ता ४,००० कोटींनी वाढली, तर दुसऱ्या बाजूला बँकांच्या ठेवी तेवढ्याच रकमेने वाढल्या. या ठेवी आणि लोकांच्या हातातील चलन मिळून जो ‘राखीव पैसा’ होतो, त्यावरच बँकांच्या कर्जवाटपाची इमारत उभी असते. एकाचे कर्ज दुसऱ्याची ठेव होते, त्या ठेवीतून पुन्हा कर्ज दिले जाते. भारतात या शतकाच्या पहिल्या दशकात एकूण पैसा राखीव पैशाच्या चौपटीहून काहीसा अधिक होता. म्हणजे हे ४,००० कोटी तसेच राहू दिले तर कालांतराने त्यांचे सोळा-सतरा हजार कोटी होऊ शकतात आणि तेवढ्या प्रमाणात वस्तू व सेवा वाढल्या नाहीत तर भाववाढीला वाट मिळते.

ते टाळण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे रिझर्व्ह बँकेने आपल्याजवळचे ४,००० कोटींचे सरकारी रोखे बँकांना विकणे. बँकांच्या खात्यातून तेवढी रक्कम वजा होते, राखीव पैसा पूर्वपदावर येतो. ताळेबंदात सरकारी रोख्यांची जागा डॉलर घेतात, एवढाच काय तो फरक उरतो.

या मार्गाची अडचण उघड आहे. विकण्यासाठी रोखे हवेत. भारतात २००३-०४ मध्ये नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्या एका आर्थिक वर्षात रिझर्व्ह बँकेने निव्वळ ३० अब्ज डॉलरहून अधिक खरेदी केली. ओघ थांबत नव्हता आणि रोख्यांचा साठा झपाट्याने आटत होता. बँकांकडून अल्पमुदतीसाठी पैसे ठेवून घेण्याची ‘रिव्हर्स रेपो’ सुविधा होती. पण तिच्यातही तारण म्हणून रोखेच द्यावे लागत. काही देशांच्या मध्यवर्ती बँका अशा वेळी स्वतःचे रोखे काढतात. भारतीय रिझर्व्ह बँक कायद्यात तशी तरतूद नव्हती आणि बँकेच्या स्वतःच्या कर्जउभारणीला तिच्या अवघ्या पाच कोटी रुपयांच्या भागभांडवलाची मर्यादा होती.

उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने निष्प्रभावीकरणाच्या साधनांचा अभ्यास केला. त्यानंतर मार्च २००४ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात सामंजस्य करार झाला आणि एप्रिलपासून ‘बाजार स्थिरीकरण योजना’ अमलात आली. योजनेची कल्पना तशी साधी होती. रिझर्व्ह बँकेकडे रोखे नसतील तर सरकारने ते काढावेत. पण त्यातून आलेला पैसा सरकारने खर्च करू नये.

ही दुसरी अट योजनेचा कणा होती. सरकार एरवी रोखे विकते ते खर्च भागवण्यासाठी. त्यामुळे बँकांकडून गेलेला पैसा पगार, अनुदाने, कंत्राटे यांच्या रूपाने पुन्हा बँकांतच परततो. या योजनेतील रोख्यांची रक्कम मात्र रिझर्व्ह बँकेतील एका स्वतंत्र खात्यात बंद राहायची आणि तिचा उपयोग केवळ त्याच रोख्यांची परतफेड किंवा फेरखरेदी करण्यासाठी व्हायचा. वरच्या उदाहरणातील ४,००० कोटी बँकांच्या खात्यातून निघून सरकारच्या त्या कुलूपबंद खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद फुगलेलाच राहतो, परंतु देणे बँकांचे न राहता सरकारचे होते. सरकारी ठेवींवर कर्जाची इमारत उभी राहत नाही. पहिल्या वर्षासाठी योजनेची कमाल मर्यादा ६०,००० कोटी रुपये ठेवण्यात आली होती.

योजनेची खरी परीक्षा २००७ मध्ये झाली. वर्षाच्या सुरुवातीला घाऊक महागाईचा दर सहा टक्क्यांच्या वर गेला होता आणि त्याच सुमारास डॉलरचा ओघही जोरात होता. एकट्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने जवळपास १२ अब्ज डॉलर खरेदी केले. मार्च-एप्रिलमध्ये तिने हात आखडता घेतला, तसा साधारण ४४ रुपयांवर असलेला डॉलर एप्रिलअखेर ४१ रुपयांपर्यंत घसरला. निर्यातदारांच्या दृष्टीने हा आघात होता. डॉलरमध्ये ठरलेल्या मालाचे रुपयांतील मोल दोन महिन्यांत सुमारे सात टक्क्यांनी कमी झाले. कापड-तयार कपड्यांच्या व्यवसायात नफ्याचे प्रमाण अनेकदा तेवढेच असते. रिझर्व्ह बँकेपुढे एकीकडे महागाई होती आणि दुसरीकडे निर्यातदारांचे नुकसान. पुढील महिन्यांत खरेदी पुन्हा वाढली. २००७-०८ मध्ये निव्वळ खरेदी ७८ अब्ज डॉलरवर गेली.

याच काळात निष्प्रभावीकरण अपुरे पडले की ते कसे ओळखावे, याचा धडाही मिळाला. मार्चपासून रिझर्व्ह बँकेने रिव्हर्स रेपोमधून दररोज केवळ ३,००० कोटी रुपयेच स्वीकारण्याची मर्यादा घातली होती. मार्चअखेर करभरणा आणि वर्षाखेरीच्या हिशेबांमुळे रोकडीची चणचण होती आणि बँकांतील एक दिवसाच्या उसनवारीचा दर ५० टक्क्यांच्याही पलीकडे उसळला. त्यानंतर डॉलर खरेदीचे रुपये बाजारात साचत गेले. ते ठेवायला जागा नसल्याने जुलैमध्ये हाच दर शून्याच्या जवळ आला. शून्याजवळ रेंगाळणारा उसनवारीचा दर हे नको असलेला पैसा शिल्लक राहिल्याचे सर्वांत ठळक लक्षण होय. ऑगस्टमध्ये ३,००० कोटींची मर्यादा उठवण्यात आली. बाजार स्थिरीकरण योजनेची कमाल मर्यादा त्या आर्थिक वर्षात ८०,००० कोटींवरून टप्प्याटप्प्याने अडीच लाख कोटींवर नेण्यात आली. मार्च २००८ अखेर योजनेतील रोख्यांची रक्कम सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये होती.

हेही पुरेसे नव्हते. म्हणून रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाणाचा आधार घेतला. बँकांनी आपल्या ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवणे सक्तीचे आहे, ते हे प्रमाण. डिसेंबर २००६ मधील ५ टक्क्यांवरून ते नोव्हेंबर २००७ पर्यंत ७.५ टक्के झाले. या मार्गाने राखीव पैसा कमी होत नाही, पण त्यावर उभे राहणारे कर्ज रोखले जाते. शिवाय तो विनाखर्च आहे, निदान सरकारच्या दृष्टीने. भार पडतो तो बँकांवर. अशा शिलकीवर व्याज मिळत नसल्याने त्या ठेवीदारांना कमी किंवा कर्जदारांना जास्त दर लावून तो वसूल करतात. डॉलर खरेदीचा खर्च अशा रीतीने गृहकर्जाच्या हप्त्यातही येऊन बसू शकतो.

रोख्यांच्या मार्गाचा खर्च मात्र मोजता येतो. पुन्हा त्या १०० कोटी डॉलरकडे वळू. ४,००० कोटींच्या रोख्यांवर सरकारने साडेसात टक्के व्याज दिले तर वर्षाला ३०० कोटी रुपये होतात. तेच डॉलर अमेरिकी रोख्यांत साडेचार टक्क्यांनी गुंतवले तर १८० कोटी परत येतात. उरलेले १२० कोटी ही निष्प्रभावीकरणाची वर्षाची किंमत. योजनेतील रोख्यांच्या व्याजाची रक्कम केंद्रीय अर्थसंकल्पात स्वतंत्र दाखवावी, असे करारातच ठरले होते. तिच्या पारदर्शकतेची ही बाजू दखलपात्र आहे, कारण पुष्कळ देशांत हा खर्च मध्यवर्ती बँकेच्या नफ्यातोट्यात झाकला जातो. पुढे रुपया वधारला तर जमवलेल्या गंगाजळीचे रुपयांतील मोल घटते, ते वेगळेच. ४४ रुपयांनी घेतलेल्या १०० कोटी डॉलरचे मोल ३९.५० दराने ४५० कोटींनी कमी भरते. हा तोटा पुनर्मूल्यांकन खात्यात नोंदला जातो, नफ्यातोट्याच्या पत्रकात नव्हे.

याहून अवघड मर्यादा या उपायातच दडलेली आहे. रोख्यांचा पुरवठा वाढला की त्यांचा व्याजदर चढा राहतो. चढ्या व्याजदराच्या ओढीने आणखी परकीय भांडवल येते. त्यामुळे डॉलर पुन्हा विकत घ्यावे लागतात आणि रोखे पुन्हा विकावे लागतात. भांडवलाला मोकळी वाट देणारा देश विनिमय दर आणि व्याजदर दोन्ही एकाच वेळी दीर्घकाळ आपल्या मर्जीप्रमाणे ठेवू शकत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धांत येथे प्रत्यक्षात दिसतो. निष्प्रभावीकरणाने वेळ मिळतो. ओघ तात्पुरता असेल तर तेवढा वेळ पुरतो.

२००८ मध्ये ओघ खरोखरच उलटला. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतर परदेशी गुंतवणूकदारांनी पैसे काढून नेले, रुपया घसरला आणि रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले. डॉलर विकले की रुपये बाजारातून बाहेर जातात आणि रोकडटंचाई वाढते. तेव्हा योजनेतील रोख्यांची फेरखरेदी करून, तसेच मुदत संपलेल्या रोख्यांच्या जागी नवे न काढता, कुलूपबंद खात्यातील पैसा बँकांना परत देण्यात आला. फेब्रुवारी २००९ मध्ये करारात दुरुस्ती होऊन त्या खात्यातील काही रक्कम सरकारच्या नेहमीच्या खात्यात वळवण्यास मुभा मिळाली. पैसा खर्च न करण्याच्या मूळ अटीला पडलेला हा पहिला अपवाद होता.

हस्तक्षेप किती प्रमाणात निष्प्रभावी झाला, हे रिझर्व्ह बँक दर आठवड्याला प्रसिद्ध करत असलेल्या सांख्यिकी पुरवणीतून पडताळता येते. त्यात निव्वळ परकीय मालमत्ता वाढलेली, निव्वळ देशांतर्गत मालमत्ता जवळपास तेवढ्याच रकमेने घटलेली आणि राखीव पैसा फारसा न हललेला दिसला तर निष्प्रभावीकरण पूर्ण झाले, असे समजावे. मार्च २००८ अखेर परकीय मालमत्ता सुमारे १२ लाख ३६ हजार कोटी होती, तर राखीव पैसा ९ लाख २८ हजार कोटी. म्हणजे देशांतर्गत बाजू उणे झाली होती. इतक्या वर्षांत किती रुपये परत ओढून घेण्यात आले, याची कल्पना या एका उणे आकड्यावरून येते.

योजना कागदोपत्री कायम राहिली आणि नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये तिची मर्यादा थेट सहा लाख कोटी रुपये करण्यात आली. तेव्हा मात्र प्रश्न डॉलरचा नव्हता, बँकांत अचानक जमा झालेल्या ठेवींचा होता. तारणाच्या मूळ अडचणीवर तोडगा निघाला तो २०१८ मधील कायदादुरुस्तीने. तिच्या आधारे एप्रिल २०२२ पासून ‘स्थायी ठेव सुविधा’ सुरू झाली असून तीत बँका रेपो दरापेक्षा पाव टक्का कमी दराने रिझर्व्ह बँकेकडे एका रात्रीपुरते पैसे ठेवू शकतात. त्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला एकही रोखा तारण द्यावा लागत नाही. व्याज रिझर्व्ह बँक देते. त्यामुळे हा खर्च आता अर्थसंकल्पात व्याजाची स्वतंत्र नोंद म्हणून दिसत नाही. सरकारला दरवर्षी मिळणारी रिझर्व्ह बँकेची शिल्लक तेवढी कमी होते.