दिवाणी: बंगालच्या पैशाने बंगालचा माल

१७५७ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीला बंगालचे कापड आणि रेशीम विकत घेण्यासाठी युरोपातून जहाजांवर चांदी आणावी लागे, कारण इंग्लंडच्या लोकरी कापडाला तेथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. ही चांदी विणकर, सूत कातणाऱ्या स्त्रिया आणि सराफ यांच्या हातून बाजारात खेळत असे.

१२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहा शाह आलम दुसरा याने वार्षिक २६ लाख रुपयांच्या बदल्यात बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूलवसुलीचा अधिकार, कंपनीला दिला. आता शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातूनच कंपनी माल खरेदी करू लागली. या खरेदीला ती ‘गुंतवणूक’ म्हणे. माल लंडनला जाई. त्याच्या मोबदल्यात चांदी येईनाशी झाली.

विणकराचीही कोंडी झाली. कंपनीचे गुमास्ते त्याला आगाऊ रक्कम घ्यायला लावत आणि भाव स्वतःच ठरवत. दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकण्यास त्याला मनाई असे. दाद मागावी, तर गिऱ्हाईकच सत्ताधीश झालेले!

या व्यवस्थेचे खरे रूप १७७० च्या दुष्काळात दिसले. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजाने एक तृतीयांश लोक दगावले. तरीही १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त भरल्याचे त्यानेच लंडनला कळवले. त्यामागे ‘नाजाई’ नावाची पट्टी होती: मेलेल्या आणि परागंदा झालेल्या शेजाऱ्यांचा सारा गावात उरलेल्यांकडून वसूल होत असे.