पूर्ण वर्तमानकाळ की साधा भूतकाळ (इंग्रजी लघुसंदेशात)

नुकत्याच घडलेल्या गोष्टीची दोन-तीन ओळींत खबर देताना इंग्रजीत क्रियापदाची दोन रूपे समोर येतात: ‘आय हॅव सेंट’ हा पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘आय सेंट’ हा साधा भूतकाळ. घटना किती जुनी आहे यावर निवड ठरते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो फसवा आहे. पाच मिनिटांपूर्वीची घटना साध्या भूतकाळात जाऊ शकते आणि दहा वर्षांपूर्वीची पूर्ण वर्तमानकाळात. लिहिणारा त्या घटनेकडे आजच्या स्थितीचा भाग म्हणून पाहतो की ठरावीक क्षणी घडून संपलेली गोष्ट म्हणून, यावर रूप ठरते.

याचे गाजलेले उदाहरण अंतराळातून आलेले आहे. 13 एप्रिल 1970 रोजी अपोलो 13 यानातील प्राणवायूची टाकी फुटली. आधी जॅक स्विगर्ट आणि लगेच जिम लॉव्हेल यांनी ह्यूस्टनला कळवले ते ‘वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम’ अशा रूपात, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळात: काहीतरी घडले आहे आणि त्याचा परिणाम आत्ता आमच्यापुढे आहे. थोड्याच वेळात फ्रेड हेझ यांनी तपशील दिला. धोक्याच्या इशाऱ्याबरोबर मोठा आवाज झाला, हे सांगताना त्यांचे शब्द होते ‘वी हॅड अ प्रिटी लार्ज बँग’. इथे साधा भूतकाळ आला, कारण आवाज एका क्षणी झाला आणि संपला. दोन्ही गोष्टी तितक्याच ताज्या होत्या. (1995च्या चित्रपटाने पहिले वाक्य ‘वी हॅव अ प्रॉब्लेम’ असे बदलले. त्यामुळे काळाची ही गंमत बहुतेकांच्या कानावरून गेलीच नाही.)

बातमी आधी पूर्ण वर्तमानकाळात आणि तपशील साध्या भूतकाळात, हाच क्रम वृत्तपत्रांत आणि कार्यालयीन संदेशांतही दिसतो. लंडनच्या सहकाऱ्याला पाठवायचा हा संदेश पाहावा: ‘द पार्सल हॅज अराइव्ह्ड. इट केम ॲट टेन. वन बॉक्स वॉज ओपन. आय हॅव केप्ट इट असाइड.’ पहिले वाक्य बातमी देते. ‘ॲट टेन’ आल्याबरोबर काळ बदलतो, कारण संपलेली ठरावीक वेळ सांगणाऱ्या शब्दाबरोबर पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. उघडे खोके हा त्याच क्षणाचा तपशील आहे, म्हणून ‘वॉज’. शेवटचे वाक्य पुन्हा आजच्या स्थितीवर येते: खोके अजून बाजूलाच ठेवलेले आहे. तिथे ‘आय केप्ट’ लिहिले तर ते आता कुठे आहे, असा प्रश्न उलट टपाली येईल.

मराठी माणूस अडखळतो तो नेमका वेळेच्या शब्दापाशी. ‘मी काल फाइल पाठवली आहे’ हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. तेच इंग्रजीत ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे’ असे उतरते आणि चुकते. एक तर ‘यस्टरडे’ काढावे, नाही तर ‘हॅव’. ‘पाठवली होती’च्या सवयीने ‘आय हॅड सेंट इट यस्टरडे’ लिहिणारेही पुष्कळ. तिथे दुसऱ्या कुठल्या घटनेच्या आधी पाठवली, असे सांगायचे नसेल तर ‘आय सेंट’ पुरते. ‘कधी’ विचारतानाही तेच: ‘व्हेन हॅव यू सेंट इट?’ नाही, ‘व्हेन डिड यू सेंड इट?’

‘धिस मॉर्निंग’ मात्र घड्याळ पाहून वापरावे लागते. अकरा वाजता ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ ठीक, कारण सकाळ अजून चालू आहे आणि तिसरा फोनही होऊ शकतो. दुपारी चारला तोच मजकूर ‘आय कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ असा हवा.

वाचणारा अमेरिकन असेल तर नियम सैल पडतो. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर ब्रिटिश सहसा ‘हॅव’ वापरतात. अमेरिकेत ‘आय ऑलरेडी एट’ किंवा ‘डिड यू ईट येट?’ बोलण्यात सर्रास चालते. ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव’ मात्र दोन्हीकडे खटकते.

अतिलघु संदेशात तर कर्ता आणि ‘हॅव’ दोन्ही गळतात. ‘सेंट इट’ एवढेच लिहिले की काळ कोणता ते रूपावरून कळत नाही, कारण ‘सेंड’ची दोन्ही रूपे सारखीच. ज्या क्रियापदांची रूपे वेगळी असतात तिथे भेद टिकून राहतो. ‘सीन इट’ म्हणजे पाहून झाले आहे, पुन्हा पाठवू नका. ‘सॉ इट’ म्हणजे तेव्हा पाहिले. ‘सॉ इट’पुढे ‘लास्ट नाइट’ सहज जोडता येते, ‘सीन इट’पुढे नाही.