सूरा इख्लास आणि ‘कुराणाचा तृतीयांश’

कुराणातील ११२ वी सूरा ‘अल्-इख्लास’ या नावाने ओळखली जाते. आरंभीची बिस्मिल्ला वगळली तर तिच्यात अवघे पंधरा शब्द आहेत. प्रचलित गणनेप्रमाणे तिच्या आयती चार. मक्का व शाम येथील जुन्या गणनेत मात्र तिसरी आयत दोन मानली जात असल्यामुळे त्या पाच भरतात. ईश्वर एक आहे, सर्वांनी गरजेच्या वेळी ज्याच्याकडे जावे असा तो आहे, त्याला अपत्य नाही व तो कोणाचे अपत्य नाही, आणि त्याच्या तोडीचा कोणीही नाही, एवढाच तिचा आशय. संपूर्ण कुराणाची शब्दसंख्या सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास आहे. असे असता या पंधरा शब्दांची सूरा कुराणाच्या तृतीयांशाबरोबर आहे, असे पैगंबरांचे वचन हदीसपरंपरेने जतन केले आहे. या ‘तृतीयांशा’चा अर्थ काय, हा प्रश्न मुस्लिम विद्वानांनी शतकानुशतके गांभीर्याने चर्चिला.

प्रथम त्या वचनाचा प्रसंग पाहिला पाहिजे. बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांच्या संग्रहात अबू सईद अल्-खुद्री यांच्याकडून आलेली हकीकत अशी : एका मनुष्याने दुसऱ्याला रात्री हीच सूरा पुनःपुन्हा म्हणताना ऐकले. सकाळी त्याने ती गोष्ट पैगंबरांच्या कानांवर घातली. एवढीशी सूरा घोळवीत राहणे त्याला अल्प वाटत असावे, असे निवेदकाने सूचित केले आहे. त्यावर पैगंबरांनी शपथपूर्वक सांगितले, की ती कुराणाच्या तृतीयांशाच्या तोलाची आहे. मुस्लिम (मृत्यू इ. स. ८७५) यांच्या संग्रहातील एका कथनाचा रोख थोडा निराळा आहे. तेथे ईश्वराने कुराणाचे तीन भाग केले व ही सूरा त्यांपैकी एक भाग केली, असे म्हटले आहे. पहिल्या कथनात तोल आहे, दुसऱ्यात विभागणी आहे. पुढील सर्व मतभेदांचे बीज या दोन शब्दयोजनांत आढळते.

हा तृतीयांश शब्दशः मोजमापाचा घेता येईल काय? याला परंपरेतच एक अडचण आहे. तिर्मिजी यांच्या संग्रहात इब्न अब्बास यांच्या नावावर आलेल्या एका कथनात ९९ वी सूरा कुराणाच्या निम्म्याइतकी, ११२ वी तृतीयांशाइतकी व १०९ वी चतुर्थांशाइतकी म्हटली आहे. तिर्मिजी यांनी हे कथन एकाकी परंपरेचे ठरविले असल्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. तथापि अर्धा, तृतीयांश व चतुर्थांश यांची बेरीज तेरा-द्वादशांश, म्हणजे पूर्णाहून अधिक, होते. ज्यांनी असे कथन सांभाळले त्यांच्या मनात एकाच वस्तूचे तुकडे नव्हते, हे यावरून उघड होते.

हदीससंग्रह सिद्ध होण्यापूर्वीच या सूरेला स्वयंपूर्ण मतप्रतिज्ञेचे स्थान मिळाले होते, याला इमारतीवरील लेखाचा पुरावा आहे. खलिफा अब्द अल्-मलिक याने जेरुसलेम येथे हिजरी ७२ (इ. स. ६९१-९२) मध्ये उभारलेल्या शिलाघुमटाच्या लेखपट्टीत ती संपूर्ण आलेली आहे. ख्रिस्ती लोकवस्तीच्या त्या नगरात ‘जन्म दिला नाही, जन्मला नाही’ या शब्दांचा रोख कोणाकडे होता, हे सांगावयास नको. हिजरी ७७ पासून पाडलेल्या सुवर्ण दीनारांवरही तिचे शब्द आहेत. मात्र आरंभीचे ‘कुल् हुव’, म्हणजे ‘सांग, तो’, हे शब्द तेथे गाळले आहेत. आज्ञार्थ गळताच पठणाचा पाठ राज्याच्या घोषणेत रूपांतरित झाला. यावरून ‘तृतीयांशा’चे वचन सिद्ध होते असे नव्हे, परंतु साऱ्या ग्रंथाच्या एका अंगाचे प्रतिनिधित्व ही सूरा करू शकते, ही जाणीव किती जुनी आहे ते कळते.

या जाणिवेला शास्त्रीय रूप दिले ते विषयविभागाच्या उपपत्तीने. शाफिई पंथाचे इब्न सुरैज (मृत्यू इ. स. ९१८) यांच्या मते कुराणाचा एक भाग विधिनिषेधांचा, एक आश्वासन व धाक यांचा, आणि एक ईश्वराच्या नामगुणांचा, हा तिसरा भाग या सूरेत एकवटला आहे. गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी ‘जवाहिर अल्-कुरआन’ या ग्रंथात ईश्वराचे ज्ञान, परलोकाचे ज्ञान व सन्मार्गाचे ज्ञान असे तीन मुख्य विषय कल्पिले आणि सूरेत केवळ पहिलाच विषय निर्भेळपणे आला आहे, असे दाखविले. केवळ पठणास उत्तेजन म्हणून पैगंबरांनी तसे म्हटले असेल, हे मत त्यांना मान्य नाही. सहा हजारांहून अधिक आयतींपुढे चार आयतींची मातब्बरी ती काय, असे विचारणारा त्यांच्या दृष्टीने एका रत्नापेक्षा पुष्कळ दिरहम पसंत करणाऱ्यासारखा आहे. याच ग्रंथात त्यांनी ईश्वरज्ञानाच्या आयती निवडून काढल्या, त्या ७६३ भरल्या. ६,२३६ आयतींच्या गणनेत हे प्रमाण अष्टमांशाहूनही थोडे कमी आहे. म्हणजे ‘तृतीयांश’ हा तीन विषयांपैकी एक, आयतींच्या संख्येचा नव्हे, हे त्यांच्या स्वतःच्या मोजणीवरूनच ठरते.

सूरेच्या भाषेकडे पाहिले असता ही उपपत्ती अधिक सुगम होते. अरबीत ‘अहद’ हा शब्द सामान्यतः नकारार्थी वाक्यात ‘कोणीही’ या अर्थाने येतो. होकारार्थी वाक्यात स्वतंत्र विशेषण म्हणून तो ईश्वराखेरीज इतरत्र येत नाही, असे वैयाकरण सांगतात. संख्यावाचक ‘वाहिद’ला पुढे ‘दोन’ संभवतो, ‘अहद’ला संभवत नाही. सूरेच्या आरंभी हा शब्द ‘एकमेव’ म्हणून येतो व शेवटी नकारात ‘कोणीही’ म्हणून परततो. एकाच शब्दाने प्रथम स्थापना व नंतर निषेध साधला आहे. विधी, कथा, परलोक यांपैकी काहीही तीत नाही. ‘इख्लास’ हा शब्द सूरेत कोठेही नसून तिला हे नाव मिळाले; निर्भेळ करणे हा त्याचा मूलार्थ येथे तंतोतंत लागू पडतो.

तरीही व्यवहाराचा प्रश्न उरतो. तीन वेळा ही सूरा म्हटली म्हणजे कुराण पूर्ण झाले काय? इसहाक इब्न राहवैह (मृत्यू इ. स. ८५३) यांनी याला स्पष्ट नकार दिला, दोनशे वेळा म्हटली तरी तसे होत नाही, असे त्यांचे मत नोंदले गेले आहे. इब्न तैमिया (मृत्यू इ. स. १३२८) यांनी या विषयावर स्वतंत्र प्रबंध लिहून पुण्याची बरोबरी आणि कर्तव्याची फेड यांत भेद केला. नमाजात फातिहाच्या जागी ही सूरा तीनदा म्हटल्याने फातिहाचे कर्तव्य फिटत नाही. ज्याच्याजवळ विपुल सोने आहे त्यालाही अन्न, वस्त्र व निवारा लागतोच. त्याप्रमाणे पुण्य परिमाणाने समान असले तरी प्रकाराने समान नसते, आणि विधी व परलोक यांचे ज्ञान अन्य आयतींतूनच घ्यावे लागते. उलट इब्न अब्द अल्-बर्र (मृत्यू इ. स. १०७१) यांनी या प्रश्नी मौन पाळणेच श्रेयस्कर मानले.

हिंदुस्थानातील फातिहाविधीत ही सूरा बहुधा तीनदा म्हटली जाते. त्या प्रघातामागे हेच वचन आहे; परंतु तीनदा म्हणणाराही संपूर्ण कुराणाच्या पठणाचे स्थान निराळेच ठेवतो. तोल मान्य करून पर्याय नाकारणे, हीच या वचनाची परंपरेने केलेली खरी व्याख्या होय.