ऑक्टोबर २००८: व्याजदर मुंबईत भडकला, टंचाई लंडनची होती

१० ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईच्या कॉल मनी बाजारात, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीसाठी रुपये उसने देतात तिथे, दर २० टक्क्यांच्या आसपास गेला. रेपो दर तेव्हा ९ टक्के होता. लेहमन ब्रदर्स बुडून महिनाही झाला नव्हता. पण आपल्या बँकांकडे लेहमनचे कागद फारसे नव्हतेच, मग रुपया का आटला? आज याच प्रश्नाच्या मागे जाऊ. क्रॉस-करन्सी बेसिस म्हणजे काय, हे त्यातून आपोआप कळतं.

आधी एक मुंबईचाच दर ओळखून घ्या: मायफॉर. तेव्हा डॉलरचा लायबॉर घ्यायचे, त्यात रुपया-डॉलरचा वार्षिक फॉरवर्ड प्रीमियम मिळवायचे, की व्हायचा मायफॉर. डॉलर उसना घेऊन, त्याचे रुपये करून, परतीचा भाव आजच बांधून ठेवला, तर रुपया कितीला पडेल, हे तो सांगायचा. कव्हर्ड इंटरेस्ट पॅरिटीचं म्हणणं इतकंच, की या वळणाने मिळालेला रुपया आणि सरळ बाजारातून घेतलेला रुपया सारख्याच भावाला पडला पाहिजे.

आता आकडे घालू. हे शिकण्यासाठी घेतलेत, त्या दिवसाचे नाहीत. डॉलर ४८ रुपये, मुदत तीन महिने, डॉलरचा वार्षिक दर ४ टक्के, रुपयाचा १०. पॅरिटी पाळली जात असेल तर तीन महिन्यांनंतरचा भाव ४८.७१ हवा, म्हणजे प्रीमियम ७१ पैसे. समजा, बाजारात तो फक्त २४ पैसे मिळतोय. तीन महिन्यांचे २४ पैसे म्हणजे वर्षाला साधारण २ टक्के, म्हणून मायफॉर ६. खरा रुपया मात्र १० टक्क्यांना. मधले ४ टक्के म्हणजेच बेसिस, उणे ४०० बेसिस पॉइंट.

हेच उलट बाजूने बघा. ज्याच्याकडे रुपये आहेत पण डॉलर हवेत, तो आज ४८ रुपये देऊन डॉलर घेतो आणि तीन महिन्यांनी डॉलर परत करून ४८.२४ घेतो. तेच ४८ रुपये इथे गुंतवले असते तर ४९.२० झाले असते. म्हणजे डॉलर वापरायला मिळावा म्हणून त्याने ९६ पैशांवर पाणी सोडलं, वर्षाला जवळपास ८ टक्के. त्यातले लायबॉरचे ४, उरलेले ४ बेसिसचे. एकूण डॉलर पडला ८ टक्क्यांना. कागदावर डॉलर ४ टक्केच दिसतो. खरी किंमत फॉरवर्डच्या भावात लपलेली असते.

एवढी किंमत द्यायला कोण तयार होतं? इला पटनाईक आणि अजय शाह यांनी लेहमननंतर भारताची कोंडी का झाली यावर लिहिलेला निबंध जरूर वाचा. परदेशात पसरलेल्या भारतीय कंपन्या तिथल्या बाजारात थोड्या मुदतीचे डॉलर उचलत होत्या. ते कर्ज फिरवता येईना, तेव्हा त्यांनी इथून रुपये उचलले आणि डॉलर घेतले. भारतीय बँकांच्या परदेशी शाखाही डॉलरच्या शोधात होत्या. त्यात रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती, आणि विकलेल्या प्रत्येक डॉलरमागे बाजारातले रुपये तिच्याकडे परत जात होते. म्हणजे दोन्हीकडून ओढ: रुपयाचा दर वर, डॉलर आत्ता हवा म्हणून प्रीमियम खाली.

मग चार टक्क्यांचा फुकट नफा उचलायला कोणी पुढे का आलं नाही? कारण त्यासाठी हातात डॉलर लागतात. लायबॉरवर दर लिहिलेला होता, पण त्या दराने तीन महिन्यांसाठी देणारा सापडत नव्हता. ज्याच्याकडे होते तो स्वतःच्या उद्यासाठी धरून बसला होता. त्यामुळे बेसिसचा काही भाग हा नफा नसतोच, तो मिळत नसलेल्या दराचा भास असतो. आपल्याकडे आणखी एक भिंत होती: बँकांनी परदेशातून किती कर्ज घ्यावं याला त्यांच्या भांडवलाच्या प्रमाणात मर्यादा होती. रिझर्व्ह बँकेने ती त्याच ऑक्टोबरात वाढवली.

डेटा घेऊन बसणार असाल तर एक सांगतो. मी भौतिकशास्त्रातून आलोय, दोन वक्र दिसले की वजाबाकी करायची सवय. माझ्या पहिल्या आलेखात तीन महिन्यांच्या मायफॉरमधून एका रात्रीचा कॉल दर वजा केला होता. दरी भयंकर दिसली, गाईडनी पनवेल लोकलमध्येच कागद परत दिला. मुदत जुळली पाहिजे. शिवाय आपल्याकडे आयातदार-निर्यातदारांच्या मागणीने शांत काळातही प्रीमियम पॅरिटीपासून हलतो. म्हणून दरी किती आहे यापेक्षा ती किती दिवसांत किती उघडली, ते बघा.

२९ ऑक्टोबरला अमेरिकेच्या फेडने ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरला प्रत्येकी ३० अब्ज डॉलरची स्वॅप लाइन दिली. त्या यादीत भारत नव्हता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबरमध्ये परदेशी शाखा असलेल्या भारतीय बँकांना स्वतःच्या गंगाजळीतून तीन महिन्यांपर्यंत डॉलर स्वॅपने द्यायला सुरुवात केली. रुपयाच्या बाजूने सीआरआर ९ टक्क्यांवरून जानेवारी २००९ पर्यंत ५ वर आणला. मार्च २०२० मध्ये तिने पुन्हा सहा महिन्यांच्या स्वॅपने २ अब्ज डॉलरचा लिलाव पुकारला, तेव्हा हत्यार तेच होतं.