अनुवादकाच्या निवेदनात काय यावे

* इंग्रजी ग्रंथातले ‘आम्ही’ इंडोनेशियनमध्ये नेताना अनुवादकाला निवड करावीच लागते: वाचकाला धरून ‘किता’, त्याला वगळून ‘कामी’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद असल्याने आपल्या वाचकाला ही अडचण लगेच कळेल. लेखक संशोधकगटाविषयी बोलतो तिथे ‘कामी’, वाचकाला सोबत घेऊन निष्कर्षाकडे जातो तिथे ‘किता’, असे जे सूत्र पाळले असेल ते निवेदनात सांगावे.

क्लिफर्ड गीर्ट्झ यांच्या जावातील धर्मावरच्या १९६० च्या ग्रंथाच्या इंडोनेशियन अनुवादात निवडीचा हा प्रश्न अधिक नाजूक होतो. ‘अबांगान’, ‘सांत्री’, ‘प्रियायी’ हे शब्द तिथलेच, म्हणून ते न बदलता ठेवणे सोपे वाटते. पण गीर्ट्झ ‘सांत्री’ हे नाव इस्लामचे काटेकोर आचरण करणाऱ्या एका अख्ख्या वर्गाला देतात. इंडोनेशियन वाचकाला मात्र त्यातून आधी धार्मिक निवासी शाळेतला विद्यार्थी दिसतो. तेव्हा शब्द ओळखीचा असला तरी अर्थ लेखकाचा आहे, हे निवेदनाच्या पहिल्याच पानावर यायला हवे. मुलाखतींची मूळ जावानीज वाक्ये हाती लागली नसतील, तर इंग्रजीवरून परत फिरवलेली वाक्ये म्हणजे त्या माणसांचे मूळ बोल नव्हेत. ती कुणी तशी उद्धृत करू नयेत, असेही स्पष्ट छापावे. – संपादक